प्रक्रिया 49, तत्त्वं 12 आणि एक मराठी चिठ्ठी

पीएमपी परीक्षेच्या तयारीला लागलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पीएमबॉकची सहावी आवृत्ती वाचायची की सातवी? अमेरिकेतल्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटनं, म्हणजे पीएमआयनं, 2017 साली सहावी आवृत्ती काढली. साडेसातशेहून अधिक पानांच्या त्या ग्रंथात 5 प्रोसेस ग्रुप, 10 नॉलेज एरिया आणि 49 प्रोसेस होत्या. प्रत्येक प्रोसेसला काय लागतं, ती कशी करायची आणि तिच्यातून काय निघतं, याचे तक्तेच्या तक्ते होते. 2021 मध्ये सातवी आवृत्ती आली ती आकारानं जवळपास निम्मी. तक्ते गेले, 49 प्रोसेस गेल्या. त्यांच्या जागी 12 प्रिन्सिपल आणि 8 परफॉर्मन्स डोमेन आले. सहावी पाठ केलेल्यांना वाटलं, मेहनत पाण्यात गेली. सातवी वाचणाऱ्यांना वाटलं, छान लिहिलंय, पण यावर प्रश्न कसा येणार?

माझं मत स्पष्ट आहे. उजळणी करताना ही दोन पुस्तकं दोन कप्प्यांत ठेवली की गोंधळ होतो. एकच प्रकल्प घेऊन त्यावर दोन्ही लावून पाहिलं की गोंधळ सुटतो. प्रोसेस विचारते, आता पुढचं पाऊल कोणतं आणि त्यासाठी हातात काय असायला हवं. डोमेन विचारतं, कामाच्या या अंगाकडे लक्ष आहे का आणि हवा तो परिणाम दिसतोय का. आणि दोन पावलं सारखीच बरोबर वाटत असतील, तर कोणतं उचलायचं हे प्रिन्सिपल सांगतं.

एक कल्पित प्रकल्प घेऊ. सांगलीतल्या दीडशे खाटांच्या एका रुग्णालयाला केसपेपर, औषधांची चिठ्ठी आणि बिलं संगणकावर आणायची आहेत. मुदत 8 महिने, मंजूर खर्च 40 लाख रुपये. केबल टाकणं, सर्व्हर बसवणं, प्रिंटर घेणं हे काम आधी पूर्ण आखून, ठरल्याप्रमाणे करायचं आहे. डॉक्टरांच्या आणि काउंटरच्या स्क्रीन मात्र दोन-दोन आठवड्यांच्या टप्प्यांत, वापरणाऱ्यांना दाखवत दाखवत करायच्या आहेत. परीक्षेच्या भाषेत पहिला भाग प्रेडिक्टिव्ह, दुसरा अजाइल आणि एकूण प्रकल्प हायब्रिड.

सहाव्या आवृत्तीच्या नजरेनं आधी पाहू. प्रोसेस ग्रुप पाच: इनिशिएटिंग, प्लॅनिंग, एक्झिक्युटिंग, मॉनिटरिंग अँड कंट्रोलिंग आणि क्लोजिंग. त्यांच्यातल्या प्रोसेस अनुक्रमे 2, 24, 10, 12 आणि 1. निम्म्या प्रोसेस एकट्या प्लॅनिंगमध्ये आहेत, यावरूनच त्या पुस्तकाचा कल कुठे होता ते कळतं. इथे सर्वाधिक चुकणारी गोष्ट म्हणजे प्रोसेस ग्रुपना प्रकल्पाचे टप्पे समजणं. ते टप्पे नव्हेत. आपल्या रुग्णालयात ‘केबल आणि सर्व्हर’ हा एक टप्पा आहे, ‘बाह्यरुग्ण विभागाच्या स्क्रीन’ हा दुसरा. या प्रत्येक टप्प्यात सुरुवात, आखणी, अंमल, देखरेख आणि समारोप हे पाचही गट येऊ शकतात. दुसरा टप्पा सुरू झाला म्हणजे इनिशिएटिंग पुन्हा आलं. ‘प्लॅनिंग संपलं, आता एक्झिक्युटिंग’ असं वाक्य एखाद्या पर्यायात दिसलं की सावध व्हावं.

आता एका स्क्रीनचा प्रवास बघा, कारण यावर प्रश्न येतातच. औषधांच्या चिठ्ठीची स्क्रीन तयार झाली. डायरेक्ट अँड मॅनेज प्रोजेक्ट वर्क या प्रोसेसमधून ती बाहेर पडली तेव्हा ती नुसती डिलिव्हरेबल होती. मग तपासणी करणाऱ्यानं पाहिलं की औषधाचं नाव, मात्रा आणि दिवस बरोबर छापले जातात का. ही कंट्रोल क्वालिटी. तिथून ती व्हेरिफाइड डिलिव्हरेबल होऊन निघाली. त्यानंतर रुग्णालयाच्या वतीनं अधिकार असलेल्या माणसानं ती पाहून लेखी स्वीकारली. ही व्हॅलिडेट स्कोप, आणि आता ती अ‍ॅक्सेप्टेड डिलिव्हरेबल. शेवटी क्लोज प्रोजेक्ट ऑर फेजमध्ये ती रुग्णालयाच्या ताब्यात गेली. क्रम उलटा केला की उत्तर चुकतं: आधी आपण तपासायचं, मग ग्राहकानं स्वीकारायचं. कंट्रोल क्वालिटी ‘बरोबर झालंय का’ हे पाहते आणि व्हॅलिडेट स्कोप ‘मान्य आहे का’ हे विचारते, एवढं पक्कं असेल तर या साखळीवरचा कोणताही प्रश्न सुटतो.

सातव्या आवृत्तीत ही साखळी आखून दिलेली नाही. तोच मजकूर डिलिव्हरी नावाच्या डोमेनमध्ये पसरलेला आहे: गरजा, व्याप्ती, गुणवत्ता, आणि काम ‘झालं’ म्हणजे नेमकं काय झालं याची व्याख्या. आणि डोमेन एक पाऊल पुढचं विचारतं. स्वीकारलेली स्क्रीन डॉक्टर वापरतात का? काउंटरवरची रांग कमी झाली का? साखळीच्या हिशेबानं प्रकल्प बिनचूक पार पडलेला असू शकतो आणि तरी डॉक्टर कागदावरच लिहीत असतील. मग सहाव्या आवृत्तीच्या कागदपत्रांत सगळं हिरवं दिसेल आणि सातवी आवृत्ती त्याला अपयश म्हणेल. दोन आवृत्त्यांमधला माझ्या मते सर्वांत मोलाचा फरक हाच आहे. तक्ते पाठ करण्याच्या नादात तो निसटतो.

आठ डोमेन एका दमात सांगायची तर स्टेकहोल्डर्स, टीम, डेव्हलपमेंट अ‍ॅप्रोच अँड लाइफ सायकल, प्लॅनिंग, प्रोजेक्ट वर्क, डिलिव्हरी, मेजरमेंट आणि अनसर्टन्टी. त्यांना क्रम नाही. ती सगळी पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत एकाच वेळी चालू असतात. जुन्या नॉलेज एरिया शोधायच्या असतील तर बहुतेक सापडतात: वेळापत्रक आणि खर्चाचा अंदाज प्लॅनिंगमध्ये, खरेदी आणि संवाद मुख्यतः प्रोजेक्ट वर्कमध्ये, व्याप्ती आणि गुणवत्ता डिलिव्हरीत, जोखीम अनसर्टन्टीत. इंटिग्रेशनला वेगळं घर उरलं नाही, ते सगळीकडे विरघळलं.

नावांच्या सारखेपणानं इथे बराच घोळ होतो. टीम आणि स्टेकहोल्डर्स ही डोमेनही आहेत आणि प्रिन्सिपलही. प्लॅनिंग हा प्रोसेस ग्रुप आहे आणि डोमेनसुद्धा. त्यात परीक्षेच्या अधिकृत रूपरेषेतही डोमेन आहेत, पण ती तीनच: पीपल, प्रोसेस आणि बिझनेस एन्व्हायर्न्मेंट. 2021 पासूनच्या रूपरेषेत त्यांचा वाटा अनुक्रमे 42, 50 आणि 8 टक्के. पीएमपीचा पेपर या रूपरेषेवर बेततात, पीएमबॉकच्या प्रकरणांवर नाही. तिच्यातच लिहिलेलं आहे की साधारण निम्मे प्रश्न प्रेडिक्टिव्ह पद्धतीचे आणि निम्मे अजाइल किंवा हायब्रिड असतील. म्हणून ‘सहावी की सातवी’ या प्रश्नाचं उत्तर परीक्षेपुरतं तरी ‘आधी रूपरेषा’ हेच आहे.

आता मुख्य प्रसंगाकडे येऊ. चौथा महिना चालू आहे. बाह्यरुग्ण विभागाच्या प्रमुख डॉक्टर जाता जाता प्रोग्रामरच्या टेबलापाशी थांबतात.

“अरे, ही चिठ्ठी मराठीतही निघाली पाहिजे. पेशंटला इंग्रजी कुठे वाचता येतं? जेवणाआधी की जेवणानंतर एवढं तरी मराठीत येऊ दे.”

“करतो मॅडम. दोन दिवसांत देतो.”

प्रोग्रामरनं काम सुरू केलं आणि संध्याकाळी प्रोजेक्ट मॅनेजरला कळलं. परीक्षेतला प्रश्न विचारतो: मॅनेजरनं सर्वांत आधी काय करावं? पर्याय चार. मागणी व्याप्तीबाहेरची म्हणून नाकारावी. लगेच चेंज कंट्रोल बोर्डापुढे ठेवावी. डॉक्टरांशी आणि टीमशी बोलून मागणी समजून घ्यावी आणि परिणाम तपासावा. किंवा प्रकल्पाच्या प्रायोजकाकडे तक्रार न्यावी.

चिठ्ठीची रचना आधीच मंजूर होऊन बेसलाइनमध्ये गेलेली आहे असं प्रश्नात म्हटलं असेल, तर वाट सहाव्या आवृत्तीची. मंजुरीविना सुरू झालेलं काम थांबवायचं. मराठी मजकुरामुळे व्याप्ती, वेळ, खर्च, गुणवत्ता आणि जोखीम यांवर काय परिणाम होतो ते काढायचं. मागणी लेखी करून चेंज लॉगमध्ये नोंदवायची आणि परिणामासह बोर्डापुढे न्यायची. मंजूर झाली तर आराखडा आणि बेसलाइन बदलायची, संबंधितांना कळवायचं, मग काम करायचं आणि तपासायचं. नामंजूर झाली तरी लॉगमध्ये निर्णय लिहायचा आणि डॉक्टरांना सांगायचं. दुसरा पर्याय फसवा आहे तो यासाठी: बोर्ड बरोबर आहे, पण ‘सर्वांत आधी’ नाही. परिणाम न तपासता बोर्डापुढे गेलेली मागणी बोर्ड परतच पाठवणार.

प्रश्नात दोन आठवड्यांचा स्प्रिंट, बॅकलॉग, प्रॉडक्ट ओनर असे शब्द असतील तर बोर्ड मुळात चित्रातच नाही. मागणी प्रॉडक्ट ओनरकडे जाते. तो तिचं मोल आणि इतर कामांशी तुलना करून बॅकलॉगमध्ये तिची जागा ठरवतो. चालू स्प्रिंटचं उद्दिष्ट विस्कटू नये म्हणून ती सहसा पुढच्या स्प्रिंटच्या नियोजनात येते. प्रोजेक्ट मॅनेजरनं इथे औपचारिक चेंज रिक्वेस्ट भरायला सांगणारा पर्याय निवडला तर गुण गेला. म्हणजे तीच मागणी, त्याच डॉक्टर, आणि उत्तरं दोन. सातव्या आवृत्तीत डेव्हलपमेंट अ‍ॅप्रोच हे स्वतंत्र डोमेन का केलं असेल, ते इथे उमगतं. पद्धत कोणती हे ठरल्याशिवाय पुढचं पाऊलच ठरत नाही. टेलरिंग, म्हणजे प्रकल्पाच्या गरजेप्रमाणे पद्धत बेतणं, हे 12 प्रिन्सिपलपैकी एक आहे ते त्याचमुळे.

दोन्ही वाटांवर पहिला आणि चौथा पर्याय मात्र गळतो, आणि त्याचं कारण प्रोसेसच्या तक्त्यात मिळत नाही. ते प्रिन्सिपलमध्ये आहे. स्टेकहोल्डर्सना परिणामकारकपणे सोबत घ्या, असं एक प्रिन्सिपल सांगतं. न बोलता नकार देणं त्यात बसत नाही. मोलावर लक्ष ठेवा, असं दुसरं सांगतं. रुग्णाला मात्रा वाचता आली तर रुग्णालयाचा हेतूच पुढे जातो, म्हणून मागणी निदान ऐकण्याजोगी आहे. तिसरं सिस्टिम्स थिंकिंग: चिठ्ठीचा आकार वाढला तर औषधाच्या दुकानातला छोटा प्रिंटर ती छापेल का? आणि जोखमीबद्दलचं प्रिन्सिपल विचारायला लावतं की औषधाच्या सूचनेचा मराठी मजकूर चुकीचा छापला गेला तर त्याची किंमत कोण मोजणार. हा शेवटचा मुद्दा खरोखर गंभीर आहे. ‘दोन दिवसांत देतो’ म्हणणाऱ्या प्रोग्रामरच्या हिशेबात तो नसतो, परिणाम तपासताना मात्र तो आलाच पाहिजे.

मला या प्रसंगात सर्वांत बोलकी वाटते ती वेगळीच गोष्ट. डॉक्टर थेट प्रोग्रामरकडे का गेल्या? कदाचित मागणी कुणाकडे द्यायची हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, किंवा दोन आठवड्यांच्या प्रात्यक्षिकाला त्यांना बोलावलंच जात नव्हतं. प्रोसेसच्या नजरेला ही व्याप्तीतली घुसखोरी दिसते, स्कोप क्रीप. स्टेकहोल्डर्स डोमेनच्या नजरेला मॅनेजरच्या कामातलं भगदाड दिसतं. परीक्षेत पुढचा प्रश्न असा येऊ शकतो की हे पुन्हा घडू नये म्हणून काय करावं. तिथे ‘प्रोग्रामरला ताकीद द्यावी’ या पर्यायापेक्षा ‘डॉक्टरांच्या सहभागाची आखणी पुन्हा तपासावी’ हा पर्याय जवळपास नेहमीच वरचढ ठरतो.

आकड्यांच्या बाबतीतही दोन नजरा जुळवून घ्याव्या लागतात. चौथा महिना संपताना आपल्या प्रकल्पात 20 लाखांचं काम व्हायला हवं होतं, झालं 16 लाखांचं, आणि खर्च झाले 18 लाख.

```
CPI = EV / AC  = 16 / 18 = 0.89
SPI = EV / PV  = 16 / 20 = 0.80
EAC = BAC / CPI         = 45 लाख
EAC = AC + (BAC − EV)   = 42 लाख
```

दोन्ही निर्देशांक 1 च्या खाली, म्हणजे खर्च जास्त आणि काम मागे. खालच्या दोन ओळींतून कोणती निवडायची ते कारणावर ठरतं. सर्व्हर महाग पडला, तो एकदाच, आणि उरलेलं काम ठरल्या दरानं होणार असेल तर 42 लाख. टीमचा वेगच अंदाजापेक्षा कमी आहे आणि तसाच राहणार असेल तर 45 लाख. सूत्रं पाठ असणारे उमेदवार इथेच अडतात, कारण प्रश्नात कारण एका अर्ध्या वाक्यात लपवलेलं असतं.

हा सगळा हिशेब दोन्ही आवृत्त्यांत आहे. सातवीतलं मेजरमेंट डोमेन त्यात एक भर घालतं: मोजमाप कामाचं आहे का, हे आधी बघा. रुग्णालयाच्या मासिक अहवालात ‘या महिन्यात 300 लॉगिन’ असं लिहिलं तर छान दिसतं, पण त्यावरून काय करायचं ते कुणालाच कळत नाही. पीएमबॉक याला व्हॅनिटी मेट्रिक म्हणतं. त्याऐवजी ‘बाह्यरुग्ण विभागातल्या शंभर चिठ्ठ्यांपैकी किती संगणकावरून निघाल्या’ हे मोजलं, आणि तो आकडा एकाच विभागात अडकलेला दिसला, तर त्या विभागात जाऊन बसता येतं. एखाद्या आकड्यावरून पुढची कृती ठरत नसेल तर तो या डोमेनच्या कसोटीला उतरत नाही.

उजळणीसाठी म्हणून मी असं सुचवेन की सराव परीक्षेतला चुकलेला प्रत्येक प्रश्न याच पद्धतीनं उलगडावा. पद्धत कोणती आहे हे सांगणारा शब्द प्रश्नात शोधावा. मग काम कुठवर आलंय ते पाहावं: बेसलाइन मंजूर झाली आहे का, स्क्रीन तपासली आहे की नुसती बनली आहे. हे झालं की चारपैकी दोन पर्याय सहसा आपोआप गळतात. उरलेल्या दोनांत कोणतं प्रिन्सिपल पारडं फिरवतं, ते एका ओळीत वहीत लिहावं. 49 प्रोसेसची नावं क्रमानं म्हणून दाखवायला पेपरात कुणी सांगत नाही, पण कोणत्या प्रोसेसमधून काय निघतं आणि ते पुढे कुठे जातं हे माहीत नसेल तर दुसरी पायरीच चढता येत नाही. प्रोसेस ज्यांना मुळातून वाचायच्या आहेत त्यांच्यासाठी सातवीनंतर पीएमआयनंच प्रोसेस ग्रुपवर वेगळी प्रॅक्टिस गाइड काढली आहे.

2025 च्या अखेरीस आठवी आवृत्ती आली आणि तिनं या दोन नजरा एका पुस्तकात आणल्या. प्रिन्सिपल 12 वरून 6 झाली. डोमेन 7 आहेत, आणि त्यांत स्कोप, शेड्यूल, फायनान्स, रिस्क अशी जुन्या नॉलेज एरियांच्या ओळखीची नावं परतली आहेत. 40 प्रोसेसही परत आल्या आहेत आणि पाच प्रोसेस ग्रुप आता फोकस एरिया म्हणून नांदतात. परीक्षेची नवी रूपरेषा जुलै 2026 पासूनची आहे, आणि तिच्यात बिझनेस एन्व्हायर्न्मेंटचा वाटा 8 वरून 26 टक्क्यांवर गेला आहे. त्यामुळे ज्यांची तारीख त्यानंतरची आहे त्यांनी आपल्या रुग्णालयाच्या प्रसंगात आणखी एक प्रश्न जोडून सराव करावा: प्रकल्प अर्ध्यावर असताना रुग्णांच्या नोंदी जपण्याबद्दलचा कायदा बदलला, तर चिठ्ठीच्या स्क्रीनचं, सर्व्हरच्या खरेदीचं आणि 40 लाखांच्या मंजुरीचं काय होईल, आणि त्यातलं कोणतं प्रोजेक्ट मॅनेजरनं स्वतः ठरवायचं, कोणतं प्रायोजकाकडे न्यायचं.